विश्लेषण : प्रश्नातला ‘नाही’ वाचायचा राहिला, की उत्तर नेमके उलटे का जाते?

परीक्षा संपते, उत्तरतालिका येते आणि घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, ‘अरे, मला येत होतं हे!’ प्रश्न पुन्हा वाचल्यावर कळते, की विचारले होते ‘कोणते विधान अयोग्य आहे’ आणि आपण शोधून दिले योग्य विधान. अशा चुकीवर हरकत घेता येत नाही, कारण उत्तरतालिका बरोबरच असते. घरात मात्र ‘लक्ष कुठे होतं?’ हा प्रश्न ठरलेला. पण हा केवळ निष्काळजीपणा आहे का? आणि ‘नाही’ सुटला, की चूक हमखास उलट्या पर्यायावरच का जाते?

नेमके काय घडते?

एक साधा प्रश्न घेऊ. ‘पुढीलपैकी कोणती नदी अरबी समुद्राला मिळत नाही? (१) नर्मदा (२) तापी (३) गोदावरी (४) उल्हास.’ उत्तर आहे गोदावरी, कारण ती बंगालच्या उपसागराला मिळते. नर्मदा आणि तापी पश्चिमेकडे वाहत जाऊन अरबी समुद्राला मिळतात, तर उल्हास वसईच्या खाडीतून त्याच समुद्राला मिळते.

आता एखाद्या विद्यार्थ्याच्या वाचनातून शेवटचा ‘नाही’ निसटला, असे समजा. त्याच्यासाठी प्रश्न उरला ‘कोणती नदी अरबी समुद्राला मिळते?’ पहिलाच पर्याय नर्मदा. त्याला हे पक्के ठाऊक आहे. उत्तर चटकन मिळाले, मनात शंका नाही, म्हणून तो वर्तुळ काळे करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. उरलेले तीन पर्याय त्याने नीट पाहिलेलेही नसतात.

या चुकीचा स्वभाव इथेच कळतो. होकारार्थी प्रश्नात चार पर्यायांपैकी एक बरोबर आणि तीन चूक असतात. नकारार्थी प्रश्नात हे गणित उलटते. तिथे तीन पर्याय वस्तुस्थितीला धरून असतात आणि एकच त्यात बसत नाही. म्हणजे ‘नाही’ न वाचणाऱ्यासाठी त्या पानावर एक नव्हे, तीन ‘बरोबर’ उत्तरे मांडून ठेवलेली असतात. त्यातले पहिले दिसताच तो थांबतो. चूक झाल्याची कोणतीही खूण त्याला जाणवत नाही. उलट, प्रश्न सोपा होता असेच वाटते.

सगळे पर्याय वाचणारा कधी कधी वाचतो. नर्मदा जुळते, तापी जुळते, उल्हासही जुळते, मग एकाच प्रश्नाची तीन उत्तरे कशी, असे वाटून तो परत प्रश्नाकडे जातो. पण सगळेच परत जात नाहीत. काही जण तीन पर्याय बरोबर दिसत असूनही त्यातला ‘सर्वात बरोबर’ कोणता, हे ठरवत बसतात. नर्मदा मोठी नदी आहे, म्हणून तीच असणार, अशी समजूत काढून घेतात. वेळही जातो आणि गुणही.

माहीत असलेल्याचेच नुकसान जास्त का?

विचित्र वाटेल, पण अशा प्रश्नात ज्याला काहीच येत नाही त्याची स्थिती ‘नाही’ न वाचलेल्या जाणकारापेक्षा बरी असते. काहीच न येणारा अंदाजाने एक पर्याय निवडतो. चारातून एक, म्हणजे बरोबर येण्याची शक्यता २५ टक्के. जाणकाराला मात्र गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते हे ठाऊक असते. त्यामुळे ‘नाही’ न वाचता उत्तर देताना तो गोदावरीला हातच लावणार नाही. त्याची बरोबर येण्याची शक्यता जवळपास शून्य. त्याचे ज्ञानच त्याला योग्य पर्यायापासून दूर ठेवते. ‘उलटे उत्तर’ म्हणतात ते या अर्थाने.

गुणांत याचा हिशोब असा. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. निव्वळ अंदाजाने उत्तर देणाऱ्याला असे अनेक प्रश्न सोडवल्यावर प्रश्नामागे सरासरी पाव गुण मिळतो. ‘नाही’ न वाचलेल्या जाणकाराला वजा १ मिळतो. प्रश्न नीट वाचला असता तर त्याला ४ मिळाले असते. म्हणजे एका शब्दाची किंमत ५ गुण.

राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात १०० प्रश्नांना २०० गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक चतुर्थांश गुण वजा होतात. तिथे हाच फरक अडीच गुणांचा होतो. राज्याच्या एमएचटी-सीईटीत गुण वजा होत नाहीत, त्यामुळे तिथे फक्त त्या प्रश्नाचे गुण जातात.

पाच गुण किती मोठे? २०२५च्या ‘नीट’साठी २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती. वजा १८० ते ७२० ही गुणांची संपूर्ण व्याप्ती धरली, तरी प्रत्येक गुणावर सरासरी सुमारे अडीच हजार विद्यार्थी येतात. प्रत्यक्षात टोकांना गर्दी विरळ आणि मधे दाट असते. अशा गर्दीत ५ गुण खाली येणे म्हणजे हजारो जणांच्या मागे जाणे.

‘नाही’ डोळ्यांतून सुटतो कसा?

आपण वाचताना प्रत्येक शब्दावर थांबत नाही. डोळे उड्या मारत पुढे जातात, मधे मधे क्षणभर थांबतात. इंग्रजी वाचनात डोळ्यांच्या हालचाली मोजल्या गेल्या, तेव्हा आशय सांगणाऱ्या शब्दांवर नजर साधारण ८५ टक्के वेळा थांबते आणि छोट्या, व्याकरणापुरत्या शब्दांवर सुमारे ३५ टक्के वेळाच, असे दिसले. नजर थांबली नाही म्हणजे शब्द कळलाच नाही, असे नव्हे. शेजारच्या शब्दावर नजर असताना तो कडेने दिसू शकतो. पण कडेने दिसलेल्या शब्दाच्या जागी मेंदू आपल्याला अपेक्षित असलेला शब्द सहज बसवू शकतो.

मराठीत अडचण थोडी वेगळी आहे. इंग्रजी प्रश्नात ‘नॉट’ वाक्याच्या मधे येतो. मराठीत ‘नाही’ वाक्याच्या अगदी शेवटी येतो, जिथे एरवी ‘आहे’ असतो किंवा क्रियापदच वाक्य संपवते. ‘पुढीलपैकी कोणती नदी अरबी समुद्राला…’ इथपर्यंत वाचले, की पुढे ‘मिळते’ येणार हे वाचणाऱ्याने मनात ठरवून टाकलेले असते. त्याची नजर तोवर पर्यायांकडे निघालेली असते.

अक्षरांचाही मुद्दा आहे. ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’, ‘सत्य’ आणि ‘असत्य’, ‘सुसंगत’ आणि ‘विसंगत’ या जोड्यांत अर्थ पूर्ण उलटतो, पण दिसायला फरक एकाच अक्षराचा. इंग्रजी प्रश्नपत्रिकेत ‘नॉट’ किंवा ‘एक्सेप्ट’ मोठ्या लिपीत छापून वेगळा दाखवता येतो. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेदच नाही. त्यामुळे इथे ठळक छपाई किंवा अधोरेखन एवढेच उपाय उरतात.

‘वगळता’ आणि ‘सोडून’ हे शब्द तर वाक्याच्या मधे दडतात. ‘पुढीलपैकी एक वगळता सर्व जिल्हे विदर्भात आहेत, तो जिल्हा कोणता?’ यात डोळ्यांत भरणारे शब्द आहेत ‘विदर्भात’ आणि ‘कोणता’. एवढ्यावरच प्रश्न समजला असे वाटते आणि हात विदर्भातल्या जिल्ह्यावर खूण करून मोकळा होतो.

वाचूनही चूक का होते?

‘नाही’ प्रत्यक्ष वाचलेले विद्यार्थीही चुकतात. कारण मेंदू वाक्यातल्या शब्दांची जुळणी आधी करतो आणि नकार त्यानंतर लावतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ इरा फिशलर आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये याचा एक सुंदर पुरावा दिला. त्यांनी लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना इंग्रजीत छोटी वाक्ये वाचायला दिली. न जुळणारा शब्द वाचला, की साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरीत एक ठरावीक बदल दिसतो. ‘रॉबिन हा पक्षी आहे’ या वाक्याला हा बदल लहान होता आणि ‘रॉबिन हे झाड आहे’ याला मोठा. यात नवल नाही.

नवल पुढे होते. इंग्रजी वाक्यात नकाराचा शब्द ‘पक्षी’ किंवा ‘झाड’ या शेवटच्या शब्दाच्या आधीच येतो. तरीही ‘रॉबिन हे झाड नाही’ या खऱ्या वाक्याला मोठा बदल दिसला आणि ‘रॉबिन हा पक्षी नाही’ या खोट्या वाक्याला लहान. नकार वाचून झालेला असतानाही त्या क्षणी मेंदू फक्त एवढेच पाहत होता, की रॉबिन आणि पक्षी यांचे जुळते का. वाक्य खरे की खोटे, हे ठरवण्याचे काम त्यानंतरचे.

याला एक मर्यादा आहे आणि ती परीक्षेच्या संदर्भात महत्त्वाची आहे. नकार संभाषणात स्वाभाविकपणे आला, तर मेंदू तो लगेच लावतो, असे पुढच्या संशोधनात दिसले. ‘नीट साधने वापरली तर पाणबुडीचा छंद फारसा धोकादायक नाही’ या धर्तीच्या वाक्यात नकाराला कारण असते. ऐकणारा त्याची वाटच पाहत असतो. परीक्षेतल्या प्रश्नात तसे काही नसते. आधीचा प्रश्न राज्यघटनेचा, पुढचा नद्यांचा आणि मधे अचानक एक ‘नाही’. नकार समजून घेण्यासाठी याहून प्रतिकूल जागा शोधून सापडणार नाही.

त्यात भर पडते वेळेची. ‘नीट’मध्ये २०२५ पासून १८० प्रश्नांसाठी १८० मिनिटे आहेत. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्नांसाठी दोन तास, म्हणजे प्रश्नामागे ७२ सेकंद. चार लांबलचक विधाने वाचायला त्यातला निम्मा वेळ जातो. तिसऱ्या विधानापाशी पोहोचेपर्यंत डोक्यात त्या विधानाचा विषय असतो. प्रश्नातला ‘नाही’ मागे पडलेला असतो. मग एखादे ओळखीचे विधान दिसते, पाठ्यपुस्तकातली ती ओळ आठवते आणि ‘हो, हे बरोबर आहे’ या समाधानात तोच पर्याय काळा होतो.

ओळखीच्या शब्दांची ही भूल नकारापुरती नाही. ‘कुरुक्षेत्रावर रथात बसलेल्या भीमाला श्रीकृष्णाने काय सांगितले?’ असे भरभर विचारा. अनेक जण ‘गीता’ म्हणून मोकळे होतील. ती अर्जुनाला सांगितली हे त्यांना ठाऊक असूनही. १९८१ मध्ये एरिकसन आणि मॅट्सन या संशोधकांनी बायबलमधल्या गोष्टीवर असाच प्रश्न विचारून हा परिणाम दाखवला होता. मोझेसने नौकेत प्रत्येक प्रकारचे किती प्राणी घेतले, या अर्थाच्या त्या प्रश्नात नौका मोझेसची नव्हे, नोहाची होती. हे माहीत असणाऱ्यांनीही मुकाट्याने आकडा सांगितला. बाकी सगळे जुळत असेल, तर न जुळणारा एक शब्द मेंदू खपवून घेतो.

विधानांच्या प्रश्नांत धोका अधिक का?

स्पर्धा परीक्षांत दोन-तीन विधाने देऊन ‘वरीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे’ असे विचारण्याची पद्धत रूढ आहे. उदाहरण पाहा.

अ) गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर होतो.
ब) कृष्णा नदी अरबी समुद्राला मिळते.
वरीलपैकी अयोग्य विधान/विधाने कोणती?
(१) फक्त अ (२) फक्त ब (३) अ आणि ब दोन्ही (४) एकही नाही

विधान अ खरे आहे. विधान ब खोटे आहे, कारण कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणून उत्तर (२). ‘अयोग्य’चा ‘अ’ सुटलेला विद्यार्थी खरे विधान शोधेल आणि (१) निवडेल. समजा दोन्ही विधाने खरी असती, तर योग्य उत्तर (४) आणि त्याचे उत्तर (३). दोन्ही खोटी असती, तर याच्या नेमके उलटे. म्हणजे चारही पर्याय आरशासारखे एकमेकांसमोर उभे आहेत. ‘नाही’ सुटला, की विद्यार्थी थेट समोरच्या पर्यायावर जाऊन पोहोचतो.

नदीच्या पहिल्या प्रश्नाशी तुलना केली, की धोक्यातला फरक कळतो. तिथे सगळे पर्याय वाचणाऱ्याला तीन बरोबर उत्तरे दिसत होती आणि सावध होण्याची संधी मिळत होती. इथे तसे काहीच नाही. दोन्ही विधाने नीट वाचली, दोन्हींबद्दल अचूक विचार केला, तरी चुकीच्या वाचनालाही एक आणि एकच उत्तर मिळते. पर्यायांकडे कितीही वेळ पाहिले तरी चूक सापडत नाही. ती फक्त प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत असते.

विधानातच नकार असेल तर गुंता आणखी वाढतो. ‘राज्यपालांची निवड थेट जनतेकडून होत नाही’ हे विधान खरे आहे, कारण त्यांची नेमणूक राष्ट्रपती करतात. पण प्रश्न ‘अयोग्य विधान ओळखा’ असा असेल, तर विधानातला ‘नाही’ पाहूनच काहींना ते अयोग्य वाटते. विधानातला नकार आणि प्रश्नातला नकार एकमेकांत मिसळतात.

मग असे प्रश्न विचारतातच कशाला?

मुख्य कारण प्रश्न काढणाऱ्याच्या सोयीचे आहे. होकारार्थी प्रश्नासाठी एक बरोबर आणि तीन चुकीचे, पण पटतील असे पर्याय लागतात. पटण्याजोगे खोटे पर्याय तयार करणे अवघड काम आहे. नकारार्थी प्रश्नासाठी पाठ्यपुस्तकातली तीन वाक्ये जशीच्या तशी उचलायची आणि चौथ्यात एक शब्द बदलायचा, एवढे पुरते. शिवाय एका प्रश्नात चार मुद्दे तपासल्यासारखे दिसतात.

प्रश्ननिर्मितीच्या शास्त्राला मात्र ही पद्धत फारशी मान्य नाही. हॅलाडिना, डाउनिंग आणि रॉड्रिग्ज या अमेरिकी अभ्यासकांनी २००२ मध्ये बहुपर्यायी प्रश्नांसाठीच्या ३१ मार्गदर्शक सूचनांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातली एक सूचना अशी, की प्रश्न होकारार्थी असावा, ‘नॉट’ आणि ‘एक्सेप्ट’सारखे शब्द टाळावेत आणि वापरावेच लागले तर ते मोठ्या आणि ठळक अक्षरांत छापावेत.

यामागचा तर्क गुणांच्या हिशोबात वर आलाच आहे. ज्या प्रश्नात जाणकार आणि अंदाज करणारा यांच्यातला फरक उलटा होऊ शकतो, तो प्रश्न भूगोल मोजतो की शेवटचा शब्द वाचण्याची सवय? नदीचा प्रश्न ‘पुढीलपैकी बंगालच्या उपसागराला मिळणारी नदी कोणती?’ असा विचारता येतो. पर्याय तेच, लागणारी माहिती तीच, उत्तरही तेच. फक्त सापळा निघून जातो.

सगळेच नकारार्थी प्रश्न टाकाऊ असतात, असे मात्र नाही. एखाद्या रुग्णाला कोणते औषध देऊ नये, एखाद्या कलमाला अपवाद कोणता, अशा ठिकाणी अपवाद माहीत असणे हेच ज्ञान असते. तिथे नकार विचारावाच लागतो. तो ठळक छापला पाहिजे, एवढेच.

चूक माहितीची की वाचनाची, हे कसे ओळखावे?

इथे एक गोंधळ होतो. ‘मी खरे विधान निवडले, म्हणजे मी “नाही” वाचला नव्हता’ असे अनेक जण ठरवून टाकतात. पण ‘अयोग्य विधान ओळखा’ असे विचारून चार विधाने थेट दिलेली असतील, तर कुठलेही चुकीचे उत्तर हे खरे विधानच असते. त्यामुळे एका प्रश्नावरून काही सिद्ध होत नाही.

दोन कसोट्या उपयोगी पडतात. पहिली, उत्तर न पाहता तोच प्रश्न शांतपणे पुन्हा वाचायचा. अयोग्य विधान कोणते, हे लगेच आणि कारणासह सांगता आले, तर चूक वाचनाची. तेव्हाही अडखळायला होत असेल, तर चूक माहितीची आणि ‘नाही’ला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरी कसोटी अनेक सराव चाचण्या एकत्र ठेवून करायची. चार थेट पर्यायांचे जे नकारार्थी प्रश्न चुकले, त्यात आपण कितव्या पर्यायावर खूण केली ते लिहून काढायचे. ‘नाही’ सुटलेला जाणकार पहिल्या जुळणाऱ्या पर्यायावर थांबतो. तो पर्याय बहुतेकदा (१) असतो आणि योग्य उत्तरच (१) असेल तर (२). माहिती नसल्यामुळे झालेल्या चुका मात्र चारही पर्यायांवर विखुरलेल्या दिसतात. चुकीची उत्तरे (१) आणि (२) वर गोळा झाली असतील, तर अडचण कुठे आहे ते कळले.

इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करताना प्रस्तुत वार्ताहराने रसायनशास्त्राच्या सराव चाचण्या अशाच पसरून बसून तपासल्या होत्या. असेंद्रिय रसायन कच्चे आहे, या समजुतीने तोच धडा तिसऱ्यांदा वाचून काढला होता. प्रत्यक्षात चुकलेल्या नकारार्थी प्रश्नांपुढे ओळीने ‘१’ लिहिलेला निघाला. धडा पाठ होता. शेवटचा शब्द वाचला जात नव्हता.

परीक्षेत काय करता येते?

‘नाही’खाली रेघ मारा, हा सल्ला प्रत्येक क्लासमध्ये मिळतो. तो चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. शब्द नजरेतून सुटणे आणि वाचलेला शब्द पर्यायांपर्यंत जाता जाता निसटणे या दोन वेगळ्या चुका आहेत. रेघ पहिलीवर चालते. दुसरीसाठी वेगळी सवय लागते.

ती सवय अशी. विधाने वाचताना उत्तर शोधायचेच नाही. प्रत्येक विधानापुढे पेन्सिलीने किंवा पेनने बरोबर अथवा फुलीची खूण करत जायचे. प्रश्नात काय विचारले आहे, हे तेवढ्यापुरते बाजूला ठेवायचे. खरे की खोटे एवढाच निर्णय घ्यायचा. मेंदूला एका वेळी एकच काम मिळते, जुळते की नाही हे पाहण्याचे. नकार लावण्याचे काम शेवटी, वेगळे.

चार थेट पर्यायांच्या प्रश्नात या खुणा स्वतःच बोलतात. तीन बरोबर आणि एक फुली दिसली, तर प्रश्न नकारार्थी असलाच पाहिजे. तीन फुल्या आणि एक बरोबर दिसले, तर होकारार्थी. ‘नाही’ वाचायचा राहिला असला, तरी खुणांच्या या रचनेवरून तो परत सापडतो. चारांत जो एकटा वेगळा, तोच उत्तर.

‘फक्त अ, फक्त ब, दोन्ही, एकही नाही’ या प्रकारात ही युक्ती चालत नाही, कारण तिथे चुकीचे वाचनही तितकेच नेटके उत्तर देते. तिथे एकच मार्ग उरतो. खुणा करून झाल्यावर, वर्तुळ काळे करण्याआधी प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा वाचायची. पूर्ण प्रश्न नाही, शेवटची ओळ. दोन-तीन सेकंदांचे काम आहे.

मराठीतून परीक्षा देणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. राज्यसेवा पूर्वपरीक्षेची आणि मराठी निवडणाऱ्यांची ‘नीट’ची प्रश्नपुस्तिका द्विभाषिक असते. मराठी वाक्यात नकार शेवटी असतो आणि इंग्रजी वाक्यात मधे. विधाने मराठीतून वाचली असतील, तर शेवटची तपासणी इंग्रजी ओळीवर करावी. जिथे नजर एकदा घसरली तीच जागा पुन्हा घसरण्याचा धोका त्यामुळे कमी होतो.

संगणकावरच्या परीक्षेत, उदाहरणार्थ जेईई मेन किंवा एमएचटी-सीईटीत, पडद्यावर रेघ मारता येत नाही. तिथे कच्च्या कागदावर प्रश्न क्रमांक लिहून त्यापुढे खुणा कराव्या लागतात. पण उत्तर बदलण्याची मुभा असते, त्यामुळे नकारार्थी प्रश्न पुन्हा पाहण्यासाठी राखून ठेवता येतो. ओएमआर पत्रिकेवर ती मुभा नाही. पेनने काळे केलेले वर्तुळ कायमचे असते. म्हणून तपासणी वर्तुळाच्या आधी, नंतर नाही.

या सगळ्याला वेळ लागतो, हे खरे. पण तो प्रत्येक प्रश्नाला द्यायचा नाही. जिथे ‘नाही’, ‘अयोग्य’, ‘चुकीचे’, ‘असत्य’, ‘विसंगत’, ‘वगळता’ किंवा ‘सोडून’ आहे तिथेच आणि विधानांच्या प्रत्येक प्रश्नात. उरलेले प्रश्न नेहमीच्या वेगाने सोडवावेत. आणि एखादा नकारार्थी वाटणारा प्रश्न पहिल्याच पर्यायावर पाच सेकंदांत सुटला, तर पेन टेकवण्याआधी उरलेले तीन पर्याय वाचून घ्यावेत. त्यातले आणखी दोन जुळत असतील, तर प्रश्नात एक ‘नाही’ लपलेला आहे.